पॉइंट ब्याण्णव

वहिनीला घरात सगळे 'चालेल' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे अगदी प्रेमाने. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे, तर चालेल. पाहुणे चार दिवस जास्त राहणार, तर चालेल. मत विचारलं की ती आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघायची, आणि त्याला जे हवं असेल ते तिला खरोखरच पटायचं. लग्नाआधी ती शाळेत भाषा शिकवत होती. तिथे म्हणे वर्ग तिला टरकून असायचा. नवऱ्याला हे ऐकून दर वेळी हसू यायचं.

नणंदेने प्रबंधाच्या कामाला मदत मागितली तेव्हाही ती चालेलच म्हणाली.

नणंद वृत्तपत्रांचा अभ्यास करत होती. रस्त्यावर गाडीची धडक बसून माणूस मेला, तर बातमी दोष कोणावर टाकते, हा विषय. तीनशे बातम्या जमवल्या होत्या. प्रत्येक बातमी वाचून एक आकडा द्यायचा: दोष चालणाऱ्यावर असेल तर एक, वाहनचालकावर असेल तर दोन, कोणावरच नसेल तर तीन.

"पण हे तर तूच केलंयस की," वहिनी म्हणाली.

"मी एकटीने केलं तर ते माझं मत झालं. त्यातल्या पन्नास बातम्या दुसऱ्या कोणीतरी, म्हणजे दुसऱ्या कोडरने, माझे आकडे न बघता वाचून आकडे द्यायचे. मग दोघींचं किती जुळतं ते कॅपा काढून बघायचं."

"कप्पा?"

"कपाटाचा नव्हे गं! कॅपा. समज, आपण दोघींनी डोळे मिटून आकडे ठोकले, तरी काही जुळतीलच ना? त्यात बहुतेक बातम्या तीनच्या असल्या तर फारच जुळतील. ती नशिबाची जुळणी वजा करायची आणि उरलेली खरी किती ते मोजायचं. एक आला म्हणजे पूर्ण सहमती, शून्य म्हणजे निव्वळ योगायोग. माझ्या गाइड मॅडम म्हणतात, पॉइंट सातच्या खाली असेल तर प्रबंध घेऊन येऊच नका."

ते शेवटचं वाक्य वहिनीच्या मनात रुतून बसलं.

दुपारी घर रिकामं झालं की ती नणंदेच्या खोलीत संगणकापुढे बसायची. बातम्या छोट्या होत्या, चार-पाच ओळींच्या. 'रस्ता ओलांडताना वृद्ध बसखाली आला.' ती थांबली. आला? वृद्ध आला, की बस त्याच्यावर गेली? जणू तोच चालत जाऊन चाकाखाली शिरला. तिने एक लिहिलं. पुढे 'मोबाइलवर बोलत निघालेली तरुणी ट्रकला धडकली.' तरुणी ट्रकला! तिथेही एक. शाळेत वाक्याचा कर्ता ओळखायला शिकवणारी बाई तिच्यात हळूच जागी झाली होती, आणि तिला मजा येत होती.

पन्नास झाल्यावर फाइल बंद करताना तिचं बोट शेजारच्या पानावर पडलं. ते नणंदेचे आकडे होते. लगेच मिटायला हवं होतं. तिने मिटलं नाही. तिच्या एकांच्या जागी नणंदेचे तीन होते, एकापाठोपाठ एक, खालपर्यंत. वहिनीने पुन्हा वरपासून ताडून पाहिलं. ही मुलगी इतकी वर्षं या विषयात आहे, मी परवा आले. चूक माझीच असणार. आणि माझ्यापायी हिचा प्रबंध अडायचा?

तिने आपले आकडे बदलले. फार चोख दिसू नये म्हणून दोन वेगळे ठेवले.

संध्याकाळी नणंदेने तिला कमरेला धरून गरागरा फिरवलं. "पॉइंट ब्याण्णव! वहिनी, पॉइंट ब्याण्णव! मॅडम म्हणाल्या, असा दुसरा कोडर कुठे मिळाला?"

वहिनी हसली. ते हसू तिला स्वतःलाच परकं वाटलं.

त्यानंतर पेपर हातात घेणं तिला नकोसं झालं. कुठेही 'खाली आला', 'खाली सापडला' दिसलं की मान आपोआप खाली जायची. नणंद कौतुक करायची तेव्हा तर भांड्यांकडे वळून ती उगाचच नळ मोठा सोडायची.

प्रबंध द्यायला आठवडा उरला असताना नणंद जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. "शुद्धलेखन बघशील? मी वाचते, तू ऐक. 'दोन्ही कोडरांनी परस्परांचे आकडे न पाहता, स्वतंत्रपणे काम केले.' आणि हा निष्कर्ष: 'वृत्तपत्रे मृत पादचाऱ्याला क्वचितच दोष देतात.'"

"खोटं आहे ते," वहिनी म्हणाली.

"शुद्धलेखनात?"

"नाही गं. मी तुझे आकडे बघितले होते. बघून माझे बदलले."

नणंद आधी हसली, मग तिचा चेहरा बघून थांबली. "किती बदललेस?"

"मोजले नाहीत. डझनभर तरी. दोन मुद्दाम सोडले."

"मुद्दाम? म्हणजे पद्धतशीर चोरी केलीस की!" नणंद उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "वहिनी, हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे. मॅडमनी पाहिलंय, त्या खूश आहेत. राहू दे ना. चालेल?"

त्या शब्दाची वहिनीला आयुष्यभराची सवय होती. तो ओठांपर्यंत आलाही. "तुझं नुकसान माझ्यामुळे होतंय, मला कळतंय," ती कशीबशी म्हणाली. "पण 'न पाहता' हे तू माझ्या नावावर लिहिलंयस. ते मला नाही गं चालणार."

नणंद दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघी मॅडमकडे गेल्या. मॅडमनी सगळं ऐकून चष्मा काढला. "तुमचे पहिले आकडे आता आठवून उपयोग नाही, हिचे बघून झालेत. नव्या पन्नास बातम्या घ्या. आणि तुम्ही," त्या वहिनीकडे वळल्या, "मदत करू नका. फक्त वाचा."

नव्या पन्नासांपैकी पस्तीस जुळल्या. शंभराला सत्तर, ऐकायला बरं. पण नशिबाची जुळणी वजा केल्यावर कॅपा उरला पॉइंट एक्कावन्न. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. न जुळलेल्या पंधरांपैकी बारा बातम्या एकाच चौकटीत होत्या: नणंदेचा तीन, वहिनीचा एक. "भांडण एकाच जागी आहे. म्हणजे नशीब नव्हे, नियमात भोक आहे. 'खाली आला' याचं काय करायचं, हे तुमच्या नियमावलीत लिहिलेलंच नाही. ते ठरवा, मग पुन्हा नव्या बातम्या. नियम बदलला तर तीनशेही पुन्हा."

"म्हणजे तारीख गेली," नणंद म्हणाली.

"गेली. आता पुढची सहा महिन्यांनी."

रस्त्यात नणंद एकदम म्हणाली, "सुरुवातीला तू विचारलं होतंस मला, 'खाली आला' म्हणजे कुठला आकडा. मी म्हटलं होतं, एवढा कीस नको पाडूस." वहिनीला ते आठवत होतं. त्याने तिचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. मुलीचे सहा महिने तर गेलेच होते.

घरी आल्यावर दोघी त्या बारा बातम्या घेऊन बसल्या. "टेम्पोखाली आली," नणंदेने वाचलं. "माझ्या मते ही नुसती बोलायची पद्धत. तुझं काय?"

वहिनीने सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"इकडे नको बघूस," नणंद म्हणाली, आणि तिने कागद उचलून दोघींच्या मध्ये उभा धरला.

कागदामागून वहिनी सावकाश म्हणाली, "टेम्पो कुठे आहे त्या वाक्यात? मुलगी आली. टेम्पोने काहीच केलं नाही."

 पलीकडून पेनाचा आवाज येऊ लागला.