आजच विचारलं

अक्काचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या आमच्या घरात कणीक मळत होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सोयगावजवळच्या गावात असते. दाजींच्या छातीत कळ आल्यामुळे आदल्या दिवशी त्यांना शहरात आणून हृदयाच्या दवाखान्यात भरती केलं होतं. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा सापडला. स्टेंट टाकावा लागेल आणि तोही लवकर, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"आमी यांना घरी नेतो," अक्का म्हणाली. "गाडी सांगितली हाय."

"घरी? डॉक्टर नेऊ देतात का?"

"नाय म्हणतात. पण सही करून नेता येतं म्हणं. एवढा खर्च नाय झेपायचा गं आपल्याला. आन् ती फुकट उपचाराची सरकारी योजना पांढऱ्या रेशनकार्डाला नाय."

"कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय. पोरानं मोबाइललाबी विचारलं."

मी हात न धुताच रिक्षा शोधायला बाहेर पडले. माझा स्वभाव तसा चिडका आहे. भीती वाटली की तो आणखी चिडका होतो. रस्ताभर मी रिक्षावाल्याला उगाच सिग्नलवरून बोलत होते आणि मनात एकच चाललं होतं: मी पोचायच्या आत यांनी दाजींना गाडीत घातलं तर? सोयगावपर्यंतच्या त्या रस्त्यात काही झालं, तर करायचं काय? बोटांना चिकटलेली कणीक वाळून खरबरीत झाली होती आणि मी ती नखानं खरवडत बसले होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर अक्का पिशवी भरून बसली होती. दाजींचं धोतर, टॉवेल, स्टीलचा तांब्या, सगळं आत. शेजारी भाचा, कॉलेज संपवून नोकरी शोधणारा, मोबाइल हातात धरून. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर अजून सही झाली नव्हती. तो अक्काच्या मांडीवर होता.

"दाखव तो मेसेज," मी भाच्याला म्हटलं.

मेसेज ठसठशीत होता. 'महत्त्वाची सूचना. आजपासून योजनेचा लाभ फक्त पिवळ्या व केशरी कार्डधारकांना. पांढऱ्या कार्डधारकांनी विनाकारण रुग्णालयात गर्दी करू नये.' खाली हात जोडलेली चित्रं.

"हा 'आज' कुठला रे?"

"काल आला ना मावशी. काकांनी टाकला."

"काकांनी काल टाकला. त्यांना कुणी दिला? त्याला कुणी दिला? लिहिला कधी?"

वर बारीक अक्षरांत पुढं पाठवल्याची खूण होती. ती फक्त मेसेज हातोहात आलाय एवढंच सांगते. मूळ कुणी कधी लिहिला, हे त्यातून कळत नाही. दोन वर्षांपूर्वीचा 'आज'सुद्धा काल दुपारी ताजा होऊन येतो.

"आणि मोबाइलला काय विचारलंस?"

त्यानं विचारलं होतं, 'योजनेचा लेटेस्ट नियम काय आहे? पांढरं कार्ड चालतं का?' एआयच्या उत्तराची पहिली ओळ होती: पूर्वी योजना प्रामुख्यानं पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. भाच्यानं एवढंच आईला वाचून दाखवलं होतं. मी बोटानं खाली सरकवलं. पुढं लिहिलं होतं की योजनेची व्याप्ती नंतर वाढवल्याचं माहितीत आहे. 'पण माझी माहिती एका टप्प्यापर्यंतचीच आहे, तुम्ही हा प्रश्न कोणत्या तारखेला विचारताय हे मला ठाऊक नाही, त्यामुळे आज लागू असलेला नियम मी खात्रीनं सांगू शकत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड दाखवून विचारा, आणि रुग्णाला घरी नेण्याआधी विचारा.'

"हे का नाही वाचलंस?"

"मावशी, शेवटी सगळीकडं तेच असतं ना, तज्ज्ञांना विचारा वगैरे."

माझा हात उठलाच होता. पण पोराचे डोळे आधीच भरलेले होते, मग तो हात मी त्याच्या पाठीवर ठेवला. चूक त्याची एकट्याची कुठं होती? भरती करताना खिडकीवर विचारलं होतं, योजनेतून का रोख, आणि हा 'रोख' म्हणून मोकळा झाला. दाजी निवृत्त मास्तर. खिडकीवर उभं राहून 'तुम्हाला नाही' असं ऐकायचं, हे आमच्या घरात मरणाहून वाईट. म्हणून कुणी विचारलंच नाही. आमची माणसं सगळी अशीच, नकार नको म्हणून प्रश्नच विचारायचा नाही.

आरोग्यमित्राचं टेबल तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी. तिथं एक तरुण बाई बसलेली. मी अक्काला जवळजवळ ओढतच नेलं.

"मॅडम, पांढरं कार्ड चालतं का?"

"आणलंय का कार्ड? आणि पेशंटचं आधार?"

"चालतं का ते सांगा आधी."

"ताई, मी तोंडी सांगत नाही. बघून सांगते."

अक्कानं पिशवीतून कार्ड आणि आधार काढून दिलं. बाईनं नंबर टाकला आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं. अक्कानं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. मला त्या क्षणी देव आठवला नाही, काहीच आठवलं नाही. फक्त वाटलं, हिनं 'नाही' म्हणून मान हलवू नये. बाईच्या भुवया आक्रसल्या, तिनं नंबर पुन्हा टाकला.

"एक आकडा चुकला होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "योजनेत बसतंय. आपला दवाखानाही या उपचारासाठी यादीत आहे. पण आधी मंजुरी घ्यावी लागते, त्याशिवाय करता येत नाही. पेशंटला हलवू नका."

"नाय हलवत," अक्का म्हणाली. "व्हय, नाय हलवत." आणि तिथंच, औषधं घ्यायला आलेल्या लोकांसमोर ती फरशीवर बसून रडली. तिच्या मुठीत तो सही न केलेला कागद चुरगळला होता.

मंजुरी संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी स्टेंट टाकला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, एवढा लांबचा प्रवास त्यांना झेपला नसता. अक्कानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र ते वाक्य अजून जेवताना मध्येच आठवतं.

त्या आनंदात मी ग्रुपवर लिहिलं: 'पांढरं कार्डही चालतं! मी स्वतः आजच विचारलं. शंका असल्यास फोन करा.' खाली माझा नंबर.

पुष्कळ दिवसांनी, दाजी घरी अंगणात फिरू लागले होते तेव्हा, एक अनोळखी फोन आला. बाईचा आवाज, मागं स्ट्रेचरची घरघर.

"ताई, तुमचा मेसेज आलाय. आजच विचारलं म्हणून. आमच्या बाबांना घेऊन आलोय. चालतं ना अजून?"

मेसेज माझाच होता, खरा होता. पण मधल्या काळात काय बदललं, हे मला कुठं माहीत होतं?

"तुम्ही कुठल्या दवाखान्यात आहात?"

तिनं नाव सांगितलं. मी कधी न ऐकलेलं.

"माझ्या मेसेजवर जाऊ नका," मी म्हटलं. "आरोग्यमित्र कुठं बसतात ते विचारा. कार्ड, आधार घेऊन आत्ता जा. बाबांना हलवू नका."

"आन् ते नाय म्हणले तर?"

"फोन बंद करू नका. मी थांबते."

तिच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला, मग जिना, मग कुणाला तरी विचारणं. मी मोबाइल कानाला घट्ट धरून बसले होते, आणि पलीकडं कुणीतरी म्हणालं, "कार्ड द्या, बघून सांगते."