भिंगरावांनी वर केलेला हात

आमच्या शेजाऱ्याला कारखान्यात सगळे भिंगराव म्हणतात. समोरासमोरही म्हणतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. चष्म्याच्या काचा तपासणं हे त्यांचं काम. ट्रेमधून मनाला येईल ती काच उचलायची नाही, नीट चिठ्ठ्या टाकून उचलायची, मग ती नंबर मोजायच्या मीटरखाली धरायची. हा माणूस भाजीसुद्धा अशीच घेत असेल, असा माझा संशय आहे. भिंतीला भिंत लागून आमची घरं, आणि कारखान्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी पॅकिंग करतो. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातलं मला कळत नाही असं फार थोडं आहे. जे कळतं ते मी स्वतःजवळ ठेवत नाही, म्हणून मला लाऊडस्पीकर म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी कानस घासल्याचा आवाज यायला लागला. मी मान लांब करून खिडकीतून पाहिलं. पितळेच्या कड्यात एक काच बसवून ते लाकडी मूठ लावत होते.

"कुणासाठी चाललंय?"

"तुमच्यासाठी नाही," भिंगराव म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

मला कळायला वेळ लागला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी काचा घासून चकचकीत करणाऱ्या पॉलिशबाईंचा चाळीस काचांचा ट्रे नापास केला होता. मध्यबिंदू सरकलाय म्हणाले. काचा मोडीत गेल्या. त्याआधी अकरा वर्षं ही दोघं एकच चहा अर्धा अर्धा घ्यायची. त्या दिवसानंतर बाईंनी त्यांच्याशी एक शब्द काढला नाही. ट्रे पाठवायचा तर दुसऱ्याच्या हाती. आणि आता मनगट दुखतं म्हणून बाई काम सोडणार होत्या. शेवटचा दिवस ठरला होता, यंत्रांच्या वार्षिक दुरुस्तीचा. त्याच दिवशी आमच्यात गुप्त भेटवस्तूंचा कार्यक्रम असतो.

त्याचे नियम भिंगरावांचेच. आठ माणसं, आठ चिठ्ठ्या. ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, कुणाला सांगायचं नाही. भेट उघडली की देणाऱ्याने हात वर करायचा. आणि स्वतःचं नाव कुणालाच येता कामा नये.

आठ दिवस आधी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. भिंगरावांनी आपली उघडली. चौदा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी हालचाल पाहिली नव्हती. माझी मान पुन्हा लांब झाली. चिठ्ठीवर बाईंचं नाव होतं.

डबा सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आला. राहिलेली एकुलती एक चिठ्ठी मी उघडली, तर आत मीच.

"मला मीच आलोय," मी म्हणालो. "मी स्वतःला एखादी चांगली वस्तू घेऊन देईन, काळजी नको."

सगळे हसले. फ्रेमवाला म्हणाला, "अहो, ह्यांचीच तेवढी अडचण आहे ना? कुणाशी तरी बदलून टाका, मोकळे व्हा."

भिंगरावांनी आपल्या चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. चिठ्ठी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बाई भिंतीला टेकून मनगट चोळत होत्या.

"तसं नाही चालत," ते शेवटी म्हणाले. "बदलणाऱ्या दोघांना एकमेकांचं कळणार. मग गुप्त काय राहिलं? शिवाय अशी अदलाबदल केली की काही जोड्या जास्त वेळा पडतात, काही कमी. सगळ्या परत टाका." आणि त्यांनी स्वतःची चिठ्ठी सगळ्यांच्या आधी डब्यात टाकली.

दुसऱ्या खेपेला क्लार्कबाईंना स्वतःचं नाव आलं.

"असं किती वेळा करायचं हो?" त्या वैतागल्या.

"सरासरी पावणेतीन वेळा," भिंगराव म्हणाले. "दहातल्या सहा वेळा तरी कुणाला ना कुणाला स्वतःचं नाव येतंच. माणसं आठ असोत की ऐंशी."

"म्हणजे ऐंशी माणसं घेतली असती तरी माझंच नशीब फुटलं असतं!"

तिसऱ्या खेपेला कुणीच ओरडलं नाही. मी माझी चिठ्ठी उघडली, तर पॉलिशबाई. मनात म्हटलं, हे बरं झालं.

घरी जाताना जिन्यात मी त्यांना गाठलं. "भिंगराव, बाई माझ्याकडे आल्यात. घ्या माझी चिठ्ठी, द्या तुमची. मी कुणाला सांगायचो नाही."

"तुम्ही? कुणाला सांगायचा नाही?"

"एवढ्या वेळेला नाही."

त्यांनी खिशात हात घातला, चिठ्ठी चाचपली, आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. "नाही जमणार."

"का पण?"

"जमणार नाही म्हणून."

"बरं, मग ती वस्तू तरी द्या. माझी म्हणून ठेवतो टेबलावर."

"आणि हात कोण वर करणार? तुम्ही?" एवढं बोलून ते घरात गेले. मी बायकोला सांगितलं, माणूस हट्टी आहे, दुसरं काही नाही. ती म्हणाली, तुम्ही त्यात पडू नका. मी पडलोच होतो.

दुरुस्तीच्या दिवशी यंत्रं उघडी पडली होती आणि भेटी पॅकिंगच्या टेबलावर मांडल्या होत्या. बाईंनी माझी उघडली, त्यात गरम पाण्याची पिशवी. मी हात वर केला. "मनगटासाठी आहे, डोक्यावर ठेवू नका," म्हटलं. मग माझी पाळी. छोट्या खोक्यात एक भक्कम कुलूप. किल्ली नाही. कागदावर लिहिलं होतं, 'तोंडासाठी'.

सगळे खिदळले. हात वर झाला तो भिंगरावांचा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिन्यात त्यांच्या खिशात मीच होतो! बदल केला असता तर बाई त्यांच्याकडे गेल्या असत्या आणि माझ्या हातात पुन्हा मीच आलो असतो. आणि स्वतःचं नाव कुणालाच येता कामा नये, हा तर त्यांचाच नियम. आणि नाही का म्हणतोय हे सांगावं, तर गुपित फुटलं असतं.

पण त्यांचा हात खाली येईना. हसणं आपोआप थांबलं.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "ही चिठ्ठीतली नाही." हात खाली घेऊन त्यांनी ड्रॉवरमधून ते भिंग काढलं आणि बाईंच्या समोर धरलं. "बाई, त्या ट्रेमधली ही एक मी ठेवली होती. काच बरोबर होती. चाळीसही बरोबर होत्या. माझ्या मीटरचा स्क्रू ढिला होता. दोन दिवसांनी कळलं, मी नवा बसवला, पण तोवर काचा गेल्या होत्या. मी कुणालाच सांगितलं नाही."

बाईंची चिठ्ठी आली असती तर हेच बोलले असते, पण भेटीच्या आडून, हसण्याच्या गलक्यात. आता आड काहीच नव्हतं.

बाईंनी भिंग हातात घेतलं. उलटून पाहिलं. मग सरळ भिंगरावांच्या टेबलाशी गेल्या, त्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि मूठ सांभाळत काच मीटरखाली धरली. पण त्याआधी बाईंनी मीटरचा स्क्रू पिळून पाहिला. भिंगराव शेजारी उभे, हात मागे बांधून, ट्रे घेऊन आलेला माणूस उभा राहतो तसे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, याची कारखान्याने नोंद घ्यावी.

"प्लस चार," बाई म्हणाल्या. "मध्य जागेवर." मग डोळा न काढता, "नवा स्क्रू मला तेव्हाच दिसला होता. म्हटलं, सांगतील."

"तीन वर्षं?"

"मी कुठे मोजत बसले." त्या उठल्या. भिंग पदराने पुसून पिशवीत ठेवलं, त्यावर माझी गरम पाण्याची पिशवी. "चहा सांगा."

"एक की दोन?" भिंगरावांनी विचारलं.

बाईंनी जरा विचार केला. "दोन सांगा. तुम्ही हल्ली साखर कमी घेता असं ऐकलंय."

हे त्यांना कुणी सांगितलं असेल, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुलूप खिशात टाकलं.