मैत्रिणीला पंपिंग लेमा

भिवंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तोंडी परीक्षेआधी मी मैत्रिणीला पंपिंग लेमा शिकवत होते. आधी a, मग तितकेच b, अशी भाषा रेग्युलर नाही, म्हणजे मर्यादित स्मृतीच्या यंत्राला ती ओळखता येत नाही, हे सिद्ध करायचं होतं.

"रेग्युलर आहे असं धर. p हा आकडा तू ठरव. मी p वेळा a आणि p वेळा b लिहिते. त्याचे तीन तुकडे तू पाड."

तिने मधला तुकडा b मधून काढला.

"पहिले दोन तुकडे मिळून पहिल्या p अक्षरांतच बसले पाहिजेत. मधला रिकामाही चालत नाही."

"मग त्यात नुसते a च येणार."

"आता तो दोनदा लिही. भाषा रेग्युलर असेल तर शब्द तरीही तिच्यातच राहायला हवा."

"a वाढले, b तेवढेच. म्हणजे रेग्युलर नाहीच." ती वैतागली. "काकांबरोबरच्या आमच्या जमिनीच्या वाटणीसारखंच हाय हे. तुकडे आम्ही कसेही पाडले तरी गोदाम त्यांचंच."

तोंडीत तिने हे बिनचूक सांगितलं. मला मात्र भलत्याच धड्यावरचा प्रश्न आला आणि मी "पुढचा विचारा" म्हटलं.