स्वाभिमान वाकवताना

तेलाच्या बाटलीला 'स्वाभिमान' हे नाव माझ्या आईने रागाच्या भरात ठेवलं, आणि ते बाटलीवर बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आई आणि समोरच्या इमारतीतल्या मावशी मिळून लाकडी घाण्याचं करडई तेल विकत. करडई आमच्या लातूरकडची, घाणा मावशींच्या माहेरचा, चाकणजवळच्या गावातला. बाटल्या मोशीतल्या आमच्या दोन खोल्यांत भरल्या जात. ब्रँडचं नाव 'दोघी'. लेबल मीच केलं होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाची पॅकिंग डिझाइन करते, तेव्हा घरचं काम फुकट आणि तातडीचं, हे ठरलेलंच होतं.

बिनसलं ते सोसायटीतल्या एका प्रदर्शनात. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं, "तुम्ही दोघी मिळून करता का हे?" तर मावशी म्हणाल्या, "आमचा घाणा हाय. ह्या मदत करत्यात मला." एवढंच. आई घरी आली ती तोंड मिटून. पुढे आठ-दहा दिवस दोघी एकमेकींच्या खिडकीकडे पाठ करून भाज्या निवडत होत्या. मला तर हसावं की रडावं कळेना. या वयात आणि या एका शब्दावरून!

मग रावेतच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्याला तेल त्याच्या अॅपवर टाकायचं होतं. "ताई, फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा. जे नाव फोटोत, त्याच नावाने माल लावतो." आईने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दोघी काढ. स्वाभिमान घाल. लेबलं नंतर छापू."

"आई, तेलाला स्वाभिमान?"

"का? तेलाला नसतो?"

मी म्हटलं, मावशींना एकदा विचार. ती म्हणाली, "मला मदतनीस करताना तिने विचारलं होतं का?" म्हणजे मी नाव बदललं की भागीदारी संपली, तीही माझ्याच हातून आणि सूर्य मावळायच्या आत. पण आईपुढे माझं काय चालणार? मी लॅपटॉप उघडला.

दुसरा फोटो काढायला नवं लेबल हवं होतं, ते नव्हतं. जुना फोटो मात्र झकास होता. तपकिरी काचेची बाटली, खिडकीतला उजेड, मलईच्या रंगाचं लेबल. आधी एका वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर अंथरलेल्या पारदर्शक थरावर, लेबलचाच शेजारचा कोरा कागद उचलून उचलून 'दोघी' झाकलं. मग 'स्वाभिमान' टाइप केलं आणि ते बाटलीवर नेऊन ठेवलं. ते अगदी ताठ उभं राहिलं, बाटलीच्या पुढे हवेत, दारावरच्या पाटीसारखं.

मराठी अक्षरांना शिरोरेषा असते, ती जराही लबाडी खपवून घेत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, थोडं इकडेतिकडे झालं तरी झाकून जातं. आपली रेघ बाटलीच्या गोलाईबरोबर गेली नाही तर पोरालासुद्धा कळतं. फोटो थोडा वरून काढला होता, म्हणून लेबलची वरची कड मधे किंचित खाली झुकलेली आणि खालची कड त्याहून जास्त. शब्दालाही तसंच झुकायला हवं होतं.

वॉर्पमधला, म्हणजे शब्द वाकवायच्या सोयीतला, तयार कमानीचा प्रकार लावून पाहिला, उलटा वाक देऊन. शिरोरेषा वाकली, पण अक्षरं पंख्यासारखी फाकली. बाटलीवर असं होत नाही. तिथे काना उभाच राहतो. ते पुसलं. उठले, चहा टाकला, न पिता परत आले. बाहेर डंपर जात होते आणि प्रत्येक डंपरबरोबर खिडकीची काच थरथरत होती. समोरच्या खिडकीत मावशी दिसल्या, आणि मी उगाचच पडदा ओढला.

मग शब्दावर वाकवायची जाळी पसरून ती हातानेच ओढायला घेतली. शब्दाच्या वरच्या कडेचा मधला भाग थोडा खाली, खालच्या कडेचा जरा जास्त. मधलं ठीक झालं, टोकांचं होईना. 'दोघी' दोन अक्षरांचं, लेबलच्या मधोमध बसायचं, त्याला कडेपर्यंत जायचं कामच नव्हतं. 'स्वाभिमान' पार दोन्ही कडांना टेकत होतं. बाटली जिथे मागे वळते तिथे अक्षर अरुंद दिसायला हवं. म्हणून 'स्वा' आणि 'न' दाबून दाबून बारीक केले. शेवटी पर्स्पेक्टिव्हने खालची बाजू नखभर आत घेतली, कारण वरून पाहिलं की बाटली बुडाशी निमुळती दिसते.

आई मागून डोकावली. "झालं?"

"तुझा स्वाभिमान वाकत नाहीये."

ती हसली नाही. "वाकव," म्हणाली, "फोटो द्यायचाय."

मी चिडले होते, घाबरलेही होते. काम जितकं चांगलं होत होतं तितकं मला वाईट वाटत होतं. खालचा फोटो अक्षरांतून दिसावा म्हणून शब्दाचा लेयर मल्टिप्लायवर टाकला, तेव्हा काचेच्या कडेची सावली अक्षरांवर उतरली. किंचित धूसर केला. आता कुणी म्हटलं नसतं की हे नाव तिथे आधीपासून नव्हतं. शिरोरेषा लेबलच्या कडेशी समांतर जाते का, हे तपासायला मी फोटो खूप मोठा केला, आणि नजर लेबलच्या वर, बाटलीच्या खांद्यावर गेली.

तिथे काचेत आम्ही होतो. मधे मी, कॅमेऱ्यामागे काळा ठिपका. एका बाजूला पांढरी पट्टी, म्हणजे उजेड परतवायला धरलेला पुठ्ठा, आणि तो दोन्ही हातांनी वर धरून अवघडून उभ्या मावशी. दुसऱ्या बाजूला आई. सगळ्या जणी बाटलीच्या वळणाबरोबर वाकलेल्या. तिथे कुणाला काही ओढायला लागलं नव्हतं.

"आई, इकडे ये. मावशी पण दिसतायत. त्यांनाही पुसू का?"

तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग बोट ठेवून विचारलं, "ही मी?"

"हो."

"मी काय करतेय?"

"कमरेवर हात ठेवून उभी आहेस."

फोटो काढला त्या दिवशी माझा उजेड जमेपर्यंत मावशींनी तो पुठ्ठा खाली ठेवला नव्हता. दंड भरून आले तेव्हा त्या भिंतीला टेकल्या, पण पुठ्ठा तसाच. हे मला आठवलं आणि आईलाही आठवलं असणार, कारण ती आपलेच दंड चोळत होती.

तिने पडदा बाजूला केला. फोन न लावता खिडकीतूनच हाक मारली. मावशी त्यांच्या खिडकीत आल्या, ओले हात पुसत.

"रावेतला फोटो पाठवतेय," आई म्हणाली. "नाव काय घालू?"

मावशी म्हणाल्या, "नाव हाय की. आता कशापायी इचारतीस?"

"विचारलं आपलं."

"ते मदतीचं लागलं व्हय तुला?" मावशींचा आवाज उतरला. "मला बोलताच येत न्हाई बग धड."

आईने हातानेच त्यांना इकडे यायची खूण केली आणि खिडकीतच राहिली. मी 'स्वाभिमान'चा लेयर बंद केला, त्याखालचा कोऱ्या कागदाचाही केला. खालचं 'दोघी' जसंच्या तसं वर आलं. फोटो पाठवून दिला.

आई परत आली तेव्हा डोळे पुसत होती, पण आवाज नेहमीचाच होता. "ते दुसरं पुसलंस का?"

"नाही, ठेवलंय."

"पूस," ती म्हणाली, आणि मावशींसाठी चहा टाकायला आत गेली.