घोट्याभोवतीचा लाल गोल

आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ आष्ट्याला एका गुणाने हरला, आणि दुसऱ्या दिवशी क्रीडाशिक्षकांनी सामन्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ माझ्याकडे पाठवला. मी विज्ञान शिकवतो. प्रयोगांच्या व्हिडिओवर बाण काढायला शिकलो, ही माझी चूक. तेव्हापासून शाळेतल्या सत्कारांपासून पराभवापर्यंत सगळ्यावर बाण मीच काढतो.

क्रीडाशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले. त्यांचा हुकूम साधा होता. शेवटच्या चढाईत उजव्या कोपऱ्यावरच्या मुलीच्या हातून घोटा सुटला, तिथे चित्र थांबवायचं आणि घोट्याभोवती गोल काढायचा. जिल्हा निवड चाचणीची यादी शनिवारी जाणार होती. त्या मुलीला त्यात ठेवायचं का, हे त्यांना क्लिप बघून ठरवायचं होतं.

चार सेकंदांचा तुकडा काढला, मधे तीन सेकंद स्थिर चित्र, लाल गोल, वर बाण. संघाच्या ग्रुपवर टाकला. एका पालकाने हात जोडले. कशासाठी, कळलं नाही.

मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. रडली नाही. म्हणाली, "सर, जरा आधीपासनं दावा की."

पूर्ण व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघितला. घोट्याला हात घालण्याच्या आधी ती शेजारच्या मुलीच्या हातात हात घालून उभी होती. कोपऱ्यावालीने घोटा धरला की शेजारणीने तिच्याबरोबर पुढे येऊन चढाई करणारीला अडवायचं, ही त्या साखळीची शिकवण. पण शेजारणीने हात सोडून पाऊल मागे घेतलं होतं. ही शेजारीण संघाची कर्णधार होती. माझा तुकडा त्याच्या लगेच पुढे सुरू होत होता. कुठून सुरू करायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. तेवढं मीच ठरवलं होतं.

दुसरी क्लिप केली. सुटलेल्या हातांपाशी चित्र थांबवलं, मागे गेलेल्या पावलाला बाण दिला. क्रीडाशिक्षकांनी ती तीनदा पाहिली.

"गोल काडला की माणूस तेवढंच बघतो, गुरुजी," ते म्हणाले. "मीबी तेवढंच बघितलं."

कोपऱ्यावालीचं नाव यादीत राहिलं. दुसरी क्लिप ग्रुपवर टाकली, ती मोजक्यांनीच उघडली. पहिली तोवर गावोगाव फिरली होती.

सांगलीत चाचणीच्या मैदानावर कडेगावच्या बाजूचा एक प्रेक्षक शेजाऱ्याला सांगत होता, घोटा सोडलेली ती हीच. आवाज कमी करायची त्याला गरज वाटली नाही. मुलीने ऐकलं. मग क्रीडाशिक्षकांकडे जाऊन म्हणाली, आज कोपरा नको, मधी उभी राहते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला मधली जागा दिली. जिल्ह्याच्या संघाला कोपऱ्यावरचीच मुलगी हवी होती; तिची निवड झाली नाही.