अंगठीतलं राहून गेलेलं ‘नाही’

लग्नाला चार महिने झाले आणि माझ्या नवऱ्याची पलटण कलकत्त्याकडे गेली. तिथून त्यांनी पत्रात तीन चिनी अक्षरं पाठवली. ‘बूट शिवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याकडून उतरवून घेतलीत. आपली कधीच ताटातूट नाही, असा अर्थ आहे. तुझ्या अंगठीत आतून कोरून घे.’

नगरचे सोनार म्हणाले, “ताई, एकदा कोरलं की सोनं घासूनच काढावं लागतं. आधी जाणत्याला दाखवा.”

म्हणून मी कॅम्पातल्या दातांच्या चिनी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

“बाई, यात ‘नाही’ राहिलंय. हे ‘कायमची ताटातूट’ झालं.” पहिल्या अक्षरानंतर राहिलेलं अक्षर घालून त्यांनी चारही अक्षरं नव्या कागदावर लिहून दिली.

मला हसूच आलं. ‘नेमकं तेच अक्षर कसं हो गाळलंत?’ असं मी नवऱ्याला लिहिलं. त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली. उत्तर आलंच नाही, तार आली.

पुढे सोनारांनी हलक्या आवाजात विचारलं, “ताई, काय कोरू?”

नवऱ्याच्या हातची ती तीन अक्षरं कोरून घ्यायची हिंमत होईना, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं बघवेना. मी कोरीच अंगठी घेतली आणि स्टँडवरच्या बाकावर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडले.