सहा ओळी जुळल्या

निपाणीहून लग्न होऊन बंगळुरूला आलेल्या वीणा हुद्दार यांना मल्लेश्वरममधल्या एका पी.यू., म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. घरी मराठी, स्टाफरूममध्ये कन्नड, फळ्यावर इंग्रजी. बाईंना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. वर्गात त्या सतत फिरत, मुलांच्या वह्यांत डोकावत, एखाद्याच्या सर्किटमधलं गेट चुकीचं दिसलं की उभ्याउभ्याच खोडून नवं काढून देत. "आकृती बघा, मग लिहा," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की मुलं त्यांची नक्कलही त्याच वाक्यानं करत.

त्या जानेवारीत सराव परीक्षेचा पेपर त्यांनीच काढला. त्यात लॉजिक गेट्सचा तीन मार्कांचा प्रश्न होता. सर्किटची आकृती दिलेली, ए, बी, सी अशा तीन इनपुटच्या शून्य-एकच्या तीन जोडण्या दिलेल्या आणि प्रत्येकीचं आउटपुट काढायचं. पेपर तपासताना त्यांचं डोकं फिरलं. चव्वेचाळीस मुलांपैकी एकोणचाळीस जणांची तिसरी जोडणी चुकली होती. ए एक, बी एक, सी शून्य. बाईंच्या उत्तरसूचीत आउटपुट होतं शून्य, आणि सगळ्यांनी लिहिलं होतं एक.

शुक्रवारी पेपर वाटताना त्या वर्गावर कडाडल्या. "नॉट गेट म्हणजे काय ते कळतं का तुम्हांला? एक गेलं की शून्य बाहेर येतं, शून्य गेलं की एक! एवढं सोपं गेट तुम्ही विसरता?"

बरोबर उत्तराच्या पाच जणांत राजस होता. त्याला सत्तरपैकी अडुसष्ट पडले, सगळ्यांत जास्त. आंतरकॉलेज स्पर्धेसाठी कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. ते राजसचं, हे प्राचार्य गुरुप्रसाद यांनी दुपारीच ठरवून टाकलं.

तास संपल्यावर यशश्री कॉरिडॉरमध्ये थांबली होती. तिला सदुसष्ट होते. मुलगी अबोल, पण हातातली उत्तरपत्रिका तिनं घट्ट धरली होती.

"मॅम, माझं तिसरं उत्तर बरोबर आहे असं मला वाटतं."

"सूचीत शून्य आहे."

"हो, पण आकृतीत..."

"यशश्री, एका मार्कासाठी वाद घालू नकोस. मन लावून पुन्हा सोडव."

"मी चार वेळा सोडवलंय, मॅम," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

मेट्रोत बसायला जागा मिळूनही बाईंना बसवेना. चार वेळा. मुलगी खोटं बोलणारी नव्हती. जे. पी. नगरला उतरून घरी आल्या, कुकर लावला, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. नवरा नंदकिशोर एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. तो चहाचा कप घेऊन ओट्याशी आला.

"आज कुणाशी बिनसलं?"

"कुणाशी नाही," म्हणत त्यांनी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली, किराण्याच्या यादीचा कागद उलटा केला आणि आकृती समोर ठेवून सोडवायला लागल्या. वर्गात सांगत तसंच, एकेक गेट.

ए आणि बी अँड गेटमध्ये जातात. दोन्ही एक असतील तरच एक. इथं दोन्ही एक, म्हणून एक. सी एकटाच नॉट गेटमधून जातो. तो शून्य, म्हणून बाहेर एक. हे दोन्ही ऑर गेटमध्ये. कुठलंही एक असलं तरी एक.

आउटपुट एक.

"नंदू, हे बघ रे जरा."

नंदकिशोरनं बोट फिरवत पाहिलं. "एकच येतंय. का?"

बाईंनी धावत जाऊन कच्च्या पेपरची फाइल आणली. पहिल्या मसुद्यात नॉट गेट सगळ्यात शेवटी, ऑर गेटनंतर होतं आणि सी थेट ऑर गेटमध्ये जात होता. तिथं ऑर गेटमधून एक येई आणि नॉट त्याचा शून्य करी. मग कधीतरी, मुलांना सोपं जावं म्हणून, त्यांनी आकृतीतलं नॉट सीच्या तारेवर आणून ठेवलं होतं. आकृती बदलली, सूची जुनीच राहिली. पहिल्या दोन जोडण्यांत दोन्ही सर्किटांचं आउटपुट सारखंच येत होतं, म्हणून शंकाही आली नव्हती. त्यांनी दोघांचे पूर्ण आठ ओळींचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. सहा ओळी जुळल्या. फरक फक्त ए आणि बी दोन्ही एक असलेल्या शेवटच्या दोन ओळींत.

"मग त्या पाच जणांना शून्य कसं आलं?" नंदकिशोरनं विचारलं.

बाईंना ते लगेच उमगलं होतं. डिसेंबरात जुनं सर्किट त्यांनीच फळ्यावर सोडवून घेतलं होतं. त्या पाच जणांनी आकृती पाहिलीच नव्हती, पाठ केलेलं लिहिलं होतं. आणि ज्यांनी आकृती बघून लिहिलं, त्यांनाच बाई गेट विसरलात म्हणून बोलल्या होत्या.

शनिवारी कॉलेज उघडण्याआधीच त्या गुरुप्रसाद सरांच्या दाराशी उभ्या होत्या. सरांनी कन्नडमध्ये समजूत घातली. "स्वल्प शांत व्हा, मॅडम. सगळ्यांना एकेक मार्क वाढवून टाका. मुलांना कशाला सांगायचं? राजसचं नाव गेलंय."

"सगळ्यांना एकेक वाढवला तर राजस पुढेच राहील, सर. त्याचं उत्तर चूक आहे."

"आणि तुमचं नाव खराब होईल, त्याचं काय?"

"सर, माझं उत्तरही चूकच आहे."

सरांनी कपाळाला हात लावला, पण आयोजकांना फोन केला. नाव संध्याकाळपर्यंत बदलता येणार होतं.

बाईंनी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पेपर स्टाफरूममध्ये परत तपासले. यशश्रीचे अडुसष्ट झाले, राजसचे सदुसष्ट. मग वर्गात जाऊन फळ्यावर आकृती काढली, आठ ओळींचा तक्ता भरला आणि तिसऱ्या जोडणीच्या ओळीखाली रेघ मारली. "ही चूक माझी आहे. काल मी तुम्हांला जे बोलले, ते मी स्वतःलाच बोलायला हवं होतं." मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवायला गेलं, पण शेजाऱ्यानं त्याचा हात धरला.

यशश्रीनं फक्त मान हलवली, वहीत तक्ता उतरवून घ्यायला लागली.

राजस मात्र तास संपल्यावर टेबलाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. "मॅम, तुम्हीच तसं शिकवलं होतं ना?"

"हो. मीच."

"मग?"

बाईंच्या हातात खडू होता. तो त्या बोटांत फिरवत राहिल्या. "मग काही नाही, बाळ. तुझ्याकडून ती आकृती बघितली गेली नाही आणि माझ्याकडून ती तपासली गेली नाही. मात्र घरी बातमी सांगायला तू जाणार, हे मला पटत नाही. तुझ्या आईला मी फोन करते."

तो "नको" म्हणाला आणि दारातून निघून गेला.

बाईंनी तरीही फोन केला. पलीकडून "सरी, मॅडम", म्हणजे बरं, एवढंच आलं. स्पर्धेला यशश्रीचं नाव गेलं. बाई त्या दिवशी मेट्रोत बसल्या, पण प्रत्येक स्टेशनला उठून पुन्हा बसल्या.